नऊ, सत्तावीस आणि एकशे चार

गुलबर्ग्याच्या स्टेशनामागं एक खासगी डिग्री कॉलेज आहे. तिथं भीमसेन निंबर्गेकर जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायचे. कॉम्प्युटर लॅब दुसऱ्या मजल्यावर होती, पण सरांचा जीव खालच्या वर्गातल्या फळ्यात. वय बावन्न, शर्ट कायम इस्तरीचा, खिशाला लाल पेन. मूळचा माणूस गणिताचा. एम.एस्सी. करून गणितच शिकवायला लागले होते, पण पुढं गणिताला पोरं मिळेनात आणि बीसीएच्या वर्गात मावेनात. मग एका एप्रिलात प्रिन्सिपॉलांनी बोलावून सांगितलं, जूनपासून जावा घ्या. ज्याच्या नेमणुकीची ऑर्डर दर जूनला नव्यानं निघते, त्याला नाही म्हणायची सोय नसते. भीमसेन हो म्हणाले.

त्या उन्हाळ्यात घरात कॉम्प्युटर नव्हता आणि कॉलेजची लॅब सुट्टीमुळं कुलपात. सरांनी एक जाडजूड पुस्तक आणलं, दोनशे पानी वही आणली, आणि माजघरात पंख्याखाली बसून एकामागून एक प्रोग्रॅम वहीत लिहून काढले. मनातल्या मनात चालवले आणि उत्तरं खाली चौकटीत लिहिली. गणितात असंच करतात, आणि गणितात त्यांचं उत्तर कधी चुकलेलं नव्हतं. बायको अनसूया चहा ठेवून जायची तेव्हा ते बोटांवर फेऱ्या मोजत असायचे. दीड महिन्यात वही भरली. तीच वही टाईप होऊन, वर कॉलेजचा शिक्का बसून लॅब मॅन्युअल झाली आणि अकरा वर्षं तशीच चालली.

आता ह्या भागातल्या कॉलेजांतली एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यामुळंच झालं. प्रॅक्टिकलला रेकॉर्ड नावाची वही असते. उजव्या पानावर प्रोग्रॅम, डाव्या कोऱ्या पानावर आउटपुट, दोन्ही हातानं लिहायचं. खाली सरांची लाल सही. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि सही मिळते ती मॅन्युअलशी अक्षर न् अक्षर जुळलं तर. मशीनवर काय आलं हे कोण विचारतो? पोरं मागच्या वर्षीच्या पोरांचं रेकॉर्ड आणून उतरवतात, आउटपुटासकट. सर पानं उलटत जातात आणि लाल पेन चालत जातं.

मॅन्युअलमधला अकरावा प्रोग्रॅम भीमसेन सरांचा विशेष लाडका होता. कुठल्याही यादीतला सर्वांत मोठा घटक शोधणारी एकच मेथड. फळ्यावर ती लिहिताना त्यांचं अक्षर जरा मोठं व्हायचं.

static <T extends Comparable<T>> T largest(List<T> list) {
    T big = list.get(0);
    for (T x : list)
        if (x.compareTo(big) > 0)
            big = x;
    return big;
}

"हा टी कुणीही असू दे," सर सांगायचे. "पूर्णांक असू दे, दशांश असू दे, नावं असू देत. शर्त एकच, टी हा कम्पेरेबल पाहिजे. म्हणजे त्याला आपल्यासारख्या दुसऱ्याशी स्वतःची तुलना करता आली पाहिजे. ही शर्त काढा, आणि compareTo च्या ओळीला कम्पायलर तिथल्या तिथं अडवतो. म्हणतो, ह्याला तुलना येते हे मला कुणी सांगितलं?" मग एखादं चुणचुणीत पोर विचारायचं, कम्पेरेबल तर इंटरफेस आहे, मग implements का नाही? सर खूश व्हायचे. "इथं क्लास असो की इंटरफेस, extends च लिहायचं. तसा नियम आहे." मग पहिला घटक मोठा धरायचा आणि एकेकाला त्याच्याशी भिडवत जायचं, हे ते बोटं नाचवत दाखवायचे. शून्यापासून सुरू केलं तर सगळे आकडे ऋण असले की फसाल, शिवाय नावांच्या यादीत शून्य आणायचं कुठून, हेही सांगायचे. खरंच चांगलं शिकवायचे, त्यात खोट नव्हती.

खोट होती ती खालच्या चौकटीत. मॅन्युअलमध्ये ह्या प्रोग्रॅमखाली तीन याद्या होत्या. पहिली पूर्णांकांची, दुसरी दशांशांची, आणि तिसरी, स्ट्रिंग म्हणजे मजकूर दाखवायचा म्हणून, हजेरी क्रमांकांची. हजेरी क्रमांकावर कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही, तो मजकूर म्हणूनच ठेवतात, असं पुस्तकात वाचलेलं. म्हणून सरांनी ते अवतरणचिन्हांत लिहिले: "9", "27", "104". आणि गणिताच्या माणसानं खाली चौकटीत, हाताला सवय होती तसं, उत्तर लिहिलं: 104.

हळ्ळीखेड (बी) ह्या गावची शिवकन्या ह्या चौकटीपाशी अडकली.

अंकुशराव म्हणून शेतकरी, त्यांची ही थोरली. दावणीची जनावरं सांभाळून शिकलेली, आणि डोक्यानं तल्लख. तिसऱ्या सेमिस्टरला ऐन परीक्षेत कावीळ झाली म्हणून जावाचं प्रॅक्टिकल राहिलं, बाकी सगळे विषय फर्स्ट क्लासात. शेवटच्या वर्षी हैदराबादच्या एका कंपनीनं कॉलेजातून चौघांना निवडलं त्यात ही एकटी मुलगी. जुलैत रुजू व्हायचं, अट इतकीच की एकही विषय राहिलेला चालणार नाही. अंकुशरावांनी अर्ध्या गावाला पेढे वाटून टाकले होते. राहिलेलं जावाचं प्रॅक्टिकल मे महिन्यात होतं, आणि ते तर ती डोळे मिटून काढणार असं सगळेच धरून चालले होते.

परीक्षेत कुणी कुठला प्रोग्रॅम करायचा ते चिठ्ठी उचलून ठरतं. तिच्या चिठ्ठीत अकरावा आला.

परीक्षक दोन असतात, एक घरचा आणि एक बाहेरचा. घरचे भीमसेन. बाहेरचे बिदरकडचे एक वयस्कर गृहस्थ, उन्हानं वैतागलेले आणि दुपारच्या गाडीवर डोळा ठेवून बसलेले. शिवकन्येनं वीस मिनिटांत प्रोग्रॅम टाईप केला, चालवला, उत्तरपत्रिकेत आउटपुट लिहिलं आणि हात वर केला. बाहेरच्यांनी कागद पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"नऊ, सत्तावीस, एकशे चार. ह्यातला सर्वांत मोठा नऊ?"

"व्हय सर," शिवकन्या म्हणाली. "ते आकडे न्हाईत, स्ट्रिंग हायत. पहिल्या अक्षरापासून तुलना होती. नऊचं अक्षर दोनच्या अन् एकच्या मागून येतंय, म्हणून नऊ मोठा. स्क्रीनवर बी तेच आलंय, बघा."

बाहेरच्यांनी स्क्रीनकडं पाहिलं नाही. भीमसेनकडं पाहिलं. "तुमच्या मॅन्युअलला काय आहे?"

भीमसेननी मॅन्युअल उघडलं. पान त्यांना पाठ होतं, तरी उघडलं. "एकशे चार."

"मग? मॅन्युअल तुमचं, पोरगी तुमची. तुम्हीच सांगा."

ह्या क्षणी भीमसेननी तीन पावलं पुढं जाऊन स्क्रीन पाहिला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण वीस पोरं माना वळवून बघत होती, आणि अकरा वर्षांत त्यांच्या चौकटीला कुणी बोट लावलं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"टाईप करताना काहीतरी चुकवलंयस तू," ते म्हणाले. "आणि वर वाद कामून घालायलीस? रेकॉर्डला काय लिहिलंयस?"

"रेकॉर्डला एकशे चारच हाय सर. ते उतरवलं व्हतं. हितं चालवून बघितलं."

"मग चालवायच्या आधी रेकॉर्ड बघायचं होतं."

पोरं हसली. आउटपुट चूक म्हणून एक्झिक्युशनचे, म्हणजे प्रोग्रॅम चालवून दाखवायचे, सगळे गुण कापले गेले. तोंडी परीक्षेत वाद घातला म्हणून बाहेरच्यांनी तिथंही हात आखडला. पास व्हायला अठ्ठावीस लागत होते, तिला बावीस पडले. दोघांनी सह्या केल्या आणि बाहेरचे गाडीसाठी निघून गेले.

दोन वाजता लॅब रिकामी झाली. लॅबचा माणूस बंडेप्पा एकेक मशीन बंद करत निघाला होता. भीमसेन सहज म्हणून, म्हणजे खरं तर पोरीची चूक हातात धरून मन शांत करावं म्हणून, शिवकन्येच्या मशीनपुढं जाऊन बसले. प्रोग्रॅम तसाच उघडा होता. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला. extends जागेवर, compareTo जागेवर, पहिला घटक बरोबर घेतलेला. टाईपची एक चूक नव्हती. त्यांनी तो चालवला. नऊ आलं. पुन्हा चालवला, पुन्हा नऊ. मग यादीतली अवतरणं काढली, स्ट्रिंगच्या जागी इंटिजर म्हणजे पूर्णांक लिहिलं, मेथडला हातसुद्धा लावला नाही, आणि चालवलं. एकशे चार.

त्यांना सगळं एका दमात कळलं. मेथडला आकडे कळतच नव्हते. ती फक्त घटकालाच विचारत होती, तू ह्याच्यापेक्षा मोठा का? तुलना येते एवढीच हमी शर्तीत होती. ती कशी करायची हे ज्याचं त्याच्यापाशी होतं. इंटिजर किमतीनं उत्तर द्यायचा, स्ट्रिंग अक्षरानं. पोरगीनं नेमकं हेच सांगितलं होतं, भर लॅबमध्ये, त्यांच्या तोंडावर.

"बंडेप्पा," ते म्हणाले, "हे बघ. इथं नऊ यायलंय."

बंडेप्पा हातातलं फडकं खांद्यावर टाकून आला आणि वाकून बघितलं. "दरसाल नऊच येतंय की सर."

"म्हणजे?"

"पोरं मला इचारतेत, अण्णा, नऊ आलंय, काय करू? मी म्हंतो, सरांच्या वहीत हाय तेच लिवा. कामून फुकट सही अडकवून घ्यायची?" मग सरांचा चेहरा बघून तो जरा ओशाळला. "तुमाला ठाऊक असंल, मला वाटलं."

अकरा वर्षं. पन्नास-साठ पोरं दर वर्षाला. त्यांतल्या कितीजणांनी स्क्रीनवर नऊ पाहिलं आणि मान खाली घालून एकशे चार लिहिलं, ह्याचा हिशेब भीमसेनना करवेना. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला, आणि राग नेमका कुणावर ते ठरेना. एकानंही सांगू नये? मग आठवलं की एकीनं सांगितलं होतं, दोन तासांपूर्वी.

गुणांचा कागद अजून टेबलावरच होता. पाचच्या आत तो कॉम्प्युटरवर चढवायचा होता. गाडी सुटायला पाऊण तास होता आणि स्टेशन कॉलेजच्या मागच्याच बाजूला. बाहेरच्यांना गाठून दोघांच्या सहीनं गुण दुरुस्त करता आले असते. त्याला कारण मात्र लिहून द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं: लॅब मॅन्युअल चुकीचं आहे, अकरा वर्षांपासून, आणि ते मी लिहिलं. हा कागद प्रिन्सिपॉलांच्या टेबलावरून गेला असता. समोर जून होता, ऑर्डरचा महिना. हैदराबादहून शिकून आलेली दोन तरुण माणसं जावा शिकवायला अर्ज करून बसलेली. बावन्नाव्या वर्षी गणिताच्या माणसाला दुसरं कॉलेज कोण देणार?

बंडेप्पानं दोनदा विचारलं, चढवू का सर? तिसऱ्यांदा विचारल्यावर भीमसेन म्हणाले, "चढव."

घरी आल्यावर अनसूयेनं विचारलं, डोकं दुखतंय का? ते व्हय म्हणाले आणि न जेवता पडून राहिले.

शिवकन्येनं दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सर, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा. मी लई येळा करून बघितलं, दर बारीला नऊच येतंय." भीमसेन म्हणाले, पुढच्या परीक्षेला नीट तयारी कर. हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज अगदी रोजच्यासारखा निघाला, आणि त्याचं त्यांनाच पुढं कित्येक दिवस नवल वाटत राहिलं. कंपनीनं महिनाभर वाट पाहिली आणि जागा दुसऱ्याला दिली. अंकुशराव एकदा कॉलेजात येऊन गेले म्हणतात, पण कुणाशी भांडले नाहीत. पोरीचंच चुकलं असणार असं त्यांना वाटलं. सरांचं चुकतं हे त्यांच्या डोक्यातही येण्यासारखं नव्हतं.

सरांची ऑर्डर निघाली. नव्या वर्षाच्या मॅन्युअलमधून त्यांनी तिसरी यादी गुपचूप काढून टाकली आणि तिथं चार नावं घातली. कुणी विचारलं नाही. अकरावा प्रोग्रॅम ते आता भरभर उरकायचे, बोटं नाचवायचे नाहीत.

डिसेंबरात राहिलेल्यांची परीक्षा झाली. शिवकन्या आली. अंगानं वाळली होती, हातात तेच जुनं, लाल सह्यांचं रेकॉर्ड. जुन्या पोरांना जुन्याच चिठ्ठ्या असतात, आणि चिठ्ठ्या फक्त बारा. तिला पुन्हा अकरावा आला. भीमसेन चपापले. पण मनात कुठंतरी बरंही वाटलं, की ह्या वेळी तिनं नऊ लिहिलं की मी लगेच बरोबर म्हणेन, आणि मिटेल. जुनं उकरायची गरजच पडणार नाही.

ह्या वेळच्या बाहेरच्या परीक्षक भार्गवी म्हणून एक तरुण बाई होत्या. त्या प्रत्येक मशीनपाशी जाऊन स्क्रीन बघत होत्या. शिवकन्येपाशी थांबल्या, स्क्रीन पाहिला, कागद पाहिला.

"स्क्रीनवर नऊ आहे," त्या म्हणाल्या. "तू एकशे चार कसं लिहिलंस?"

शिवकन्या उभी राहिली. "रेकॉर्डला एकशे चार हाय मॅडम. सरांची सही हाय."

"पण तुझा प्रोग्रॅम नऊ देतोय. बरोबर देतोय. स्ट्रिंगची तुलना कशी होते, ठाऊक नाही?"

"न्हाई मॅडम," शिवकन्या म्हणाली. "मला आधी वाटायचं ठाऊक हाय. ते चुकीचं व्हतं."

भार्गवी मॅडमनी मान हलवली आणि भीमसेनकडं वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "काही समजून घेत नाहीत सर, नुसतं उतरवतात. अशांना पास करायचं म्हणजे..." आणि पेनाचं टोपण काढलं.

भीमसेनना वाटलं होतं की सांगायची वेळ आली तर आपण आधी शब्द जुळवून ठेवू. तसं काही झालं नाही. ते मध्येच बोलले, आणि जरा मोठ्यानंच.

"तिचं चुकलेलं नाही. मॅन्युअल माझं आहे. ती चौकट मी लिहिली, मशीनवर न चालवता. मे महिन्यात हिनं नऊ लिहिलं होतं, का येतं तेही नीट सांगितलं होतं. मी तिला नापास केलं."

बंडेप्पा दारात उभा होता, तो खाली बघायला लागला. भार्गवी मॅडमनी टोपण परत लावलं, शिवकन्येला मेथडबद्दल चार प्रश्न विचारले, तिनं चारी उत्तरं बारीक आवाजात बरोबर दिली. कागदावर सत्तावन्न पडले.

परीक्षा संपल्यावर शिवकन्या जिन्यात थांबली होती. भीमसेन खाली उतरत आले तशी तिनं विचारलं, "सर, तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलायची शेवटची संधी होती ती. आठवड्यापूर्वी म्हणता आलं असतं.

"त्याच दिवशी," ते म्हणाले. "तू गेल्यावर. तुझ्याच मशीनवर."

"गुण चढवायच्या आधी?"

"व्हय."

ती रागावेल, रडेल, बापाला घेऊन येईल, असं काहीबाही त्यांना वाटून गेलं. तिनं तसलं काही केलं नाही. रेकॉर्डची वही छातीशी धरून ती बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"नोकरीचं ऱ्हाऊ द्या सर. सहा म्हैने मी स्वतःलाच येडी समजायले. समोर नऊ दिसतंय अन् सर म्हंतेत न्हाई, म्हंजी आपल्यालाच कायतरी कळत न्हाई. ल्यापटॉप धाकट्या भावाला देऊन टाकला. मी आता हुमनाबादला कापडाच्या दुकानात बसते."

"आता पास झालीस," भीमसेन म्हणाले. "पुन्हा कुठंतरी..."

"आता समोर काय बी आलं की मी आधी इचारते, हे बरोबर हाय का," शिवकन्या म्हणाली. "दुकानात बिल बनवताना बी शेटला इचारते. बेरीज मला येती सर. तरी इचारते."

हुमनाबादची गाडी चुकेल म्हणून ती निघाली. जाताना वाकून पाया पडली, कारण पास झाल्यावर सरांच्या पाया पडायची रीत असते. भीमसेननी आशीर्वादासाठी हात पुढं केला खरा, पण तो तिच्या डोक्यापर्यंत नेला नाही. ती गेली. ते तिथंच पायरीवर बसले. वरून बंडेप्पानं हाक मारली, सर, गुण चढवू का? त्यांनी चढव म्हटलं, आणि पोरं दोन्ही बाजूंनी उतरून जाईपर्यंत तिथून उठले नाहीत.